खवा, कढई आणि संत्रा बर्फी: शाब्दिक उदाहरणातून लिनियर प्रोग्राम कसा मांडायचा

लिनियर प्रोग्रामिंग नव्याने शिकणारे बहुतेक जण ग्राफ नीट काढतात, सिम्प्लेक्सचे तक्तेही भरतात. अडतात ते त्याच्या आधी, म्हणजे दहा ओळींच्या परिच्छेदातून चल, बंधनं आणि उद्दिष्ट बाहेर काढताना. मांडणी चुकली तर पुढचं सगळं गणित बरोबर येऊनही उत्तर चुकीचं ठरतं, आणि सॉफ्टवेअर ती चूक दाखवत नाही. म्हणून या लेखात एकच उदाहरण घेऊन मांडणीवरच वेळ घालवू. उदाहरण प्रॉडक्ट मिक्सचं आहे: मर्यादित सामानात कोणता माल किती बनवायचा. आकडे मी समजावण्यासाठी ठरवले आहेत, बाजारभाव म्हणून ते घेऊ नका.

उदाहरण

नागपूरच्या इतवारीतला एक छोटा मिठाई कारखाना रोज संत्रा बर्फी आणि खवा बर्फी बनवून ठोक भावाने विकतो. १ किलो संत्रा बर्फीला ४०० ग्रॅम खवा, ३५० ग्रॅम साखर आणि ३०० ग्रॅम संत्र्याचा गर लागतो. १ किलो खवा बर्फीला ८०० ग्रॅम खवा आणि २५० ग्रॅम साखर लागते. डेअरीकडून रोज ६० किलोपर्यंत खवा मिळतो, भाव ३०० रुपये किलो. गर रोज २४ किलोपर्यंत मिळतो, भाव १२० रुपये. साखर ४० रुपये किलोने हवी तेवढी मिळते. माल घोटायला दोन कढया आहेत आणि प्रत्येक कढई दिवसाला साडेचार तास चालते. १ किलो संत्रा बर्फीला कढईची ६ मिनिटं लागतात, खवा बर्फीला ४. डबा आणि गॅस मिळून दर किलोला २० रुपये खर्च येतो. संत्रा बर्फी ३४० रुपये किलोने जाते, खवा बर्फी ३९० ने. एका दुकानाला रोज २० किलो खवा बर्फी द्यायचीच आहे. शिवाय दुकानदार नुसती संत्रा बर्फी उचलत नाहीत, म्हणून रोजच्या एकूण मालात खवा बर्फी निदान ४० टक्के असावी असा मालकाचा नियम आहे. कारागीर महिन्याच्या पगारावर आहेत आणि जागेचं भाडं ठरलेलं आहे. जास्तीत जास्त नफ्यासाठी रोज कोणता माल किती बनवावा?

आधी चल ठरवा, आणि एककासकट लिहा

पहिल्यांदा वाचताना आकड्यांकडे बघू नका. शेवटचा प्रश्न वाचा आणि विचारा: उद्या सकाळी मालकाला नेमकं काय ठरवायचं आहे? खव्याचा भाव त्याच्या हातात नाही, कढयांची संख्याही नाही. कोणती बर्फी किती किलो घालायची एवढंच त्याच्या हातात आहे. तेच आपले चल.

x = रोज बनवायची संत्रा बर्फी, किलोमध्ये
y = रोज बनवायची खवा बर्फी, किलोमध्ये

वहीत अनेकदा नुसतं "x = संत्रा बर्फी" लिहिलेलं दिसतं. ते अपुरं आहे. x म्हणजे किलो, डबे की घाणे? रोजचा आकडा की आठवड्याचा? हे लिहिलेलं नसेल तर पुढच्या प्रत्येक ओळीत तुम्ही मनातल्या मनात वेगवेगळं धरून चालता. खवा दिवसाचा आणि कढईचे तास आठवड्याचे, अशी खिचडी इथूनच सुरू होते.

कुणी विचारेल, खवा किती वापरायचा हेही ठरवायचं आहे ना, मग त्याला वेगळा चल नको का? नको. x आणि y ठरले की खवा आपोआप `0.4x + 0.8y` ठरतो. जे दुसऱ्या चलांवरून पूर्ण ठरतं, त्याला सुरुवातीला स्वतंत्र अक्षर देऊ नये. खवा दोन डेअऱ्यांकडून वेगवेगळ्या भावाने घेता आला असता तर गोष्ट निराळी होती. तेव्हा कुणाकडून किती घ्यायचा हाही निर्णय झाला असता आणि त्याला चल लागला असता.

बंधनं: प्रत्येक साधनाचा वेगळा हिशेब

आता परिच्छेदात पेन्सिल घेऊन जे जे संपू शकतं त्याच्याखाली रेघ मारा. खवा संपू शकतो, गर संपू शकतो, कढईचा वेळ संपू शकतो. साखर संपत नाही, हवी तेवढी मिळते. म्हणून साखरेचं बंधन नाही. तिचे ३५० आणि २५० ग्रॅम वाया जात नाहीत, ते खर्चात येतील. गोष्टीतला प्रत्येक आकडा बंधनात बसलाच पाहिजे हा समज सोडून द्या.

खव्याचं बंधन असं होतं:

`0.4x + 0.8y ≤ 60`

डावीकडे किती लागतो, उजवीकडे किती आहे. दोन्ही बाजू किलोत. ४०० ग्रॅमचे 0.4 किलो करायला विसरलात आणि `400x + 800y ≤ 60` लिहिलंत, तर खवा बर्फी फार तर ७५ ग्रॅम बनेल असा अर्थ होतो. पण दुकानाला २० किलो द्यायची आहे, त्यामुळे सॉल्व्हर सांगेल की सर्व बंधनं पाळणारं उत्तरच नाही. असा संदेश आला की आधी एककं तपासा, बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो.

"६० किलो मिळतो" म्हणून `=` लिहायचा मोहही टाळा. मिळणारं साधन पूर्ण वापरलंच पाहिजे असं नाही. `=` लिहिलं की थोडा खवा उरवणारी प्रत्येक योजना तुम्ही न बघताच बाद करता. खवा उरला तर काय, याची किंमत वेगळी मोजायची असते. त्यावर पुढे येऊच.

कढईसाठी दोन कढया गुणिले साडेचार तास, म्हणजे ९ तास, म्हणजे ५४० मिनिटं:

`6x + 4y ≤ 540`

या बेरजेत एक गृहीत लपलं आहे: कोणतीही बर्फी कोणत्याही कढईत घोटता येते. एक कढई फक्त संत्रा बर्फीसाठी आणि दुसरी फक्त खवा बर्फीसाठी राखून ठेवली असेल तर ही बेरीज चालणार नाही. मग `6x ≤ 270` आणि `4y ≤ 270` अशी दोन बंधनं लागतील, कारण एका कढईचा रिकामा वेळ दुसरीच्या कामी येत नाही. प्रश्नात हे स्पष्ट नसेल तर आपण काय धरलं ते उत्तरात एका ओळीत लिहा.

गराचं बंधन छोटं आहे: `0.3x ≤ 24`. त्यात y नाही, कारण खवा बर्फीत संत्रं नसतं. उजवीकडचा २४ मात्र वर्षभर २४ राहणार नाही. कळमन्याच्या बाजारात संत्र्याच्या दोन हंगामांची, आंबिया आणि मृग बहाराची, आवक असते तेव्हा तो वाढेल, मधल्या काळात घटेल. मांडणी बदलत नाही, फक्त आकडा बदलतो. दुकानाची मागणी तर एका ओळीत संपते: `y ≥ 20`. "द्यायचीच आहे", "निदान", "किमान" हे शब्द आले की `≥`. "पर्यंत", "जास्तीत जास्त", "पेक्षा जास्त नको" आले की `≤`.

टक्क्यांचं बंधन

आता या उदाहरणातली सगळ्यात निसरडी जागा. "एकूण मालात खवा बर्फी निदान ४० टक्के." घाईत लिहिलं जातं:

`y ≥ 0.4x`

हे चूक आहे. याचा अर्थ खवा बर्फी ही संत्रा बर्फीच्या निदान ४० टक्के असावी. नियम एकूण मालाचा आहे आणि एकूण माल म्हणजे `x + y`. म्हणून आधी वाक्य जसंच्या तसं लिहा:

`y ≥ 0.4(x + y)`

मग कंस सोडवून चल एका बाजूला आणा. `0.6y ≥ 0.4x`, म्हणजेच `2x − 3y ≤ 0`. काही जण `y / (x + y) ≥ 0.4` असा भागाकार तसाच सॉल्व्हरमध्ये टाकतात. अर्थ बरोबर आहे, पण चलाला चलाने भागलं की ती रेषीय राशी राहत नाही आणि लिनियर सॉल्व्हर ती नाकारतो. `x + y` ऋण होत नाही, म्हणून दोन्ही बाजूंना त्याने गुणलं तरी चिन्ह फिरत नाही. एवढ्यावर ही अडचण सुटते.

बंधन बरोबर लिहिलं का हे तपासायला एक मुद्दाम चुकीची योजना घ्या. समजा ६० किलो संत्रा आणि ३० किलो खवा बर्फी. एकूण ९०, त्याचे ४० टक्के ३६, आणि आपल्याकडे ३० आहे. म्हणजे ही योजना नियम मोडते. आता सूत्रात टाका: `2(60) − 3(30) = 30`, शून्यापेक्षा जास्त, बंधन मोडलं. ठीक. चुकीच्या `y ≥ 0.4x` मध्ये टाकलं तर ३० हे २४ पेक्षा जास्त म्हणून योजना पास होते. चूक लगेच पकडली गेली. प्रत्येक बंधनासाठी एक पाळणारी आणि एक मोडणारी योजना अशी हाताने घालून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

उद्दिष्ट: कोणता खर्च धरायचा

नफा म्हणजे विक्री वजा खर्च, हे सगळ्यांना माहीत असतं. पण इथे खर्च कोणता? जो एक किलो जास्त बनवला की वाढतो तोच.

संत्रा बर्फीच्या किलोला खवा १२० रुपये, साखर १४, गर ३६, डबा आणि गॅस २०, एकूण १९०. विक्री ३४०, उरले १५०. खवा बर्फीच्या किलोला खवा २४० रुपये, साखर १०, डबा आणि गॅस २०, एकूण २७०. विक्री ३९०, उरले १२०. म्हणून:

`Z = 150x + 120y`, हे जास्तीत जास्त करायचं.

पगार आणि भाडं कुठे गेलं? ते ५० किलो बनवले काय आणि १०० किलो बनवले काय, तेवढंच राहतं. त्यामुळे योजना निवडताना त्यांचा उपयोग नाही, शेवटी महिन्याचा ताळेबंद करताना ते वजा होतील. पगार किलोवर वाटून खर्चात घालणं ही नुकसानीची चूक आहे. वाटणी किती किलोवर करायची हेच आपण शोधत असतो, आणि वाटणी कढईच्या वेळेप्रमाणे केली तर जास्त वेळ लागणारी बर्फी उगाच महाग दिसू लागते. कारागीर तासावर असते तर मात्र त्यांची मजुरी धरावी लागली असती.

इथे एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. संत्रा बर्फी एक किलो खव्यामागे ३७५ रुपये देते, खवा बर्फी फक्त १५०. खव्याकडे बघितलं तर संत्रा बर्फीच करावी. पण कढईच्या एका मिनिटामागे संत्रा बर्फी २५ रुपये देते आणि खवा बर्फी ३०. कढईकडे बघितलं तर कौल उलटा. दोन साधनं दोन दिशांना ओढतात, म्हणूनच हा प्रश्न नुसत्या अंदाजाने सुटत नाही.

पूर्ण मांडणी

```
Max  Z = 150x + 120y

0.4x + 0.8y ≤ 60
6x + 4y ≤ 540
0.3x ≤ 24
y ≥ 20
2x − 3y ≤ 0
x ≥ 0, y ≥ 0
```

शेवटची ओळ परीक्षेत विसरली की गुण जातात. इथे खरं तर `y ≥ 20` असल्यामुळे y चं शून्यापेक्षा मोठं असणं आलंच, तरी लिहून टाका. एक्सेलच्या सॉल्व्हरमध्ये यासाठी `Make Unconstrained Variables Non-Negative` ही खूण असावी लागते आणि पद्धत `Simplex LP` निवडावी लागते.

सोडवून झाल्यावर काय पाहायचं

ग्राफवर किंवा सॉल्व्हरने सोडवलं की उत्तर येतं: `x = 60`, `y = 45`, नफा रोज १४,४०० रुपये. हे मूळ गोष्टीत परत टाकून बघा, समीकरणांत नव्हे. खवा लागला २४ अधिक ३६, म्हणजे ६०, पूर्ण संपला. कढई ३६० अधिक १८०, म्हणजे ५४० मिनिटं, तीही पूर्ण. गर १८ किलो लागला, ६ किलो जास्तीचा मिळत होता. एकूण माल १०५ किलो, त्याचे ४० टक्के ४२, आणि खवा बर्फी ४५ आहे. नियम पाळला गेला.

आता टक्क्यांच्या चुकीकडे परत या. `y ≥ 0.4x` लिहिलं असतं तरी आज उत्तर हेच आलं असतं, कारण आज तो नियम उत्तराला अडवतच नाही. उत्तर जुळलं म्हणून मांडणी बरोबर, असा निष्कर्ष काढता येत नाही तो यामुळे. समजा सणासाठी कढया अर्धा अर्धा तास जास्त चालवल्या आणि ६०० मिनिटं झाली. चुकीची मांडणी सांगेल ७५ किलो संत्रा, साडेसदतीस किलो खवा, नफा १५,७५०. पण त्यात खवा बर्फीचा वाटा एक तृतीयांशच आहे, दुकानदार माल घेणार नाहीत. बरोबर मांडणी सांगते सुमारे ६४.३ आणि ४२.९ किलो, नफा सुमारे १४,७८६. म्हणजे जो ज्यादा तास लावला त्यातून ३८६ रुपयेच मिळतात आणि वेळही पूर्ण वापरला जात नाही. मालकाने १,३५० रुपये वाढतील या भरवशावर कारागिरांना थांबवून घेतलं असतं.

घाणा आणि रतीब

आतापर्यंत आपण अर्धा, पाव किलोही बनवता येतो असं धरलं. कारखान्यात माल घाण्याने निघतो. एक घाणा १० किलोचा असेल तर ६० किलो म्हणजे सहा घाणे, पण ४५ किलो म्हणजे साडेचार. इथे वरच्या दिशेने गोल करणं चालत नाही: ६० आणि ५० किलोला ६४ किलो खवा लागतो. बरोबर मार्ग म्हणजे चलच बदलणं. x आणि y हे घाणे धरा, सगळे सहगुणक दहापट करा आणि दोन्ही पूर्णांक असावेत अशी अट घाला. मग तो इंटिजर प्रोग्राम होतो. उत्तर सहा आणि चार घाणे, म्हणजे ६० आणि ४० किलो, नफा १३,८००. चार किलो खवा लागतच नाही, तो डेअरीकडून घ्यायचा नाही.

हे शेवटचं वाक्य एका शब्दावर उभं आहे. उदाहरणात "६० किलोपर्यंत मिळतो" म्हटलं होतं, म्हणजे लागेल तेवढाच घेतो. पण डेअरीशी ६० किलोचा रोजचा रतीब ठरलेला असेल, आणि वापरा वा वापरू नका, पैसे द्यावेच लागत असतील, तर खव्याचा खर्च पगारासारखाच ठरलेला झाला. तो उद्दिष्टातून काढायला हवा. मग किलोमागे संत्रा बर्फी २७० रुपये देते आणि खवा बर्फी ३६०, आणि शेवटी रोजचे १८,००० रुपये एकदाच वजा होतात.

अर्धा घाणा चालत असेल तर याने काही बिघडत नाही: ६० आणि ४५ किलोत सगळा खवा संपतो, नफा तोच १४,४०० येतो. पूर्ण घाण्यांच्या हिशेबात मात्र कौल बदलतो. ६० आणि ४० किलोची योजना चार किलो खवा उरवते. नागपूरच्या मे महिन्यात तो खवा दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवण्याचा भरवसा नाही, म्हणून त्याचे १,२०० रुपये गेले असं धरावं लागतं आणि नफा १२,६०० वर येतो. पाच आणि पाच घाणे केले तर खवा पूर्ण ६० किलो लागतो, कढईची ४० मिनिटं रिकामी जातात आणि नफा १३,५०० राहतो. बंधनं सगळी तीच आहेत. डेअरीचं बिल वापरावर येतं की रतिबावर, हे कारखान्यात विचारल्याशिवाय उद्दिष्टाची ओळ लिहू नका.